मिठात ६०.६६ टक्क्यांपेक्षा जास्त क्लोराइड कसं काय? (सिल्व्हर क्लोराइड तोलून)

मृण्मयी_क | सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. प्रयोगशाळेतलं शुद्ध सोडियम क्लोराइड वाळवून पाण्यात विरघळवायचं, सिल्व्हर नायट्रेट घातल्यावर खाली बसणारा सिल्व्हर क्लोराइडचा साका तोलायचा आणि त्या वजनावरून मिठातलं क्लोराइड काढायचं, असा प्रयोग चालू आहे. मीठ शुद्ध असेल तर क्लोराइड ६०.६६ टक्के येणार, त्याहून जास्त यायला जागाच नाही. माझे आकडे असे आले:

पहिला: मीठ ०.२४१२ ग्रॅम, साका ०.५९८९ ग्रॅम, म्हणजे ६१.४२ टक्के.
दुसरा: मीठ ०.२५०७, साका ०.६२१३, म्हणजे ६१.३० टक्के.
तिसरा: मीठ ०.२३८५, साका ०.५८०३, म्हणजे ६०.१८ टक्के.

साक्याच्या वजनाला ०.२४७३५ ने गुणून मिठाच्या वजनाने भागलं आहे, गणित दोनदा तपासलं. पहिले दोन एकमेकांच्या इतके जवळ आहेत की ते खोटे म्हणवत नाहीत, पण ६१.४ ही संख्या अशक्य आहे. तिसरा मात्र उलट्या दिशेने गेला. एकाच मिठात एक चूक वर नेते आणि दुसरी खाली, हे कसं?

टायट्रेशनवाला | सोमवार, रात्री ९:३०

एवढा खटाटोप कशाला? पोटॅशियम क्रोमेटचे चार थेंब टाका, ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट सोडा, विटकरी रंग टिकला की थांबा. दहा मिनिटांत उत्तर. माझ्याकडे रोज पाण्याचे वीस नमुने येतात, सगळे असेच करतो.

मृण्मयी_क | सोमवार, रात्री ९:३८

दादा, उत्तर पटकन हवंय असं नाही. वजनाची पद्धतच करायची आहे आणि वजन का चुकलं ते कळायला हवं.

निळा_लिटमस | सोमवार, रात्री ९:५५

साका जांभळा पडला होता का? सिल्व्हर क्लोराइडवर उजेड पडला की त्याचं चांदी आणि क्लोरीन होतं, क्लोरीन उडून जातो, वजन घटतं. तिसऱ्याचं कारण तेच असणार. पहिल्या दोनांत मला वाटतं मीठच शुद्ध नाही. मॅग्नेशियम क्लोराइड मिसळलेलं असेल, त्यात क्लोराइड ७४ टक्क्यांच्या पुढे असतं.

धातुशोधक | सोमवार, रात्री १०:४०

मृण्मयी, टक्केवारी जरा बाजूला ठेवा आणि मिलिग्रॅममध्ये बघा. पहिल्या नमुन्यात साका ०.५९१५ यायला हवा होता, म्हणजे ७.४ मिलिग्रॅम जास्त आहे. दुसऱ्यात ०.६१४८ हवा होता, तिथे ६.५ जास्त. तिसऱ्यात ०.५८४९ हवा होता, तिथे ४.६ कमी. आता प्रश्न सोपा झाला: क्रुसिबलमध्ये सात मिलिग्रॅम कसले आले, आणि तिसऱ्यातले साडेचार गेले कुठे?

मॅग्नेशियमचा तर्क टिकत नाही. एकाच बाटलीतलं मीठ तिन्ही वेळा घेतलं असेल तर तिसराही वर जायला हवा होता. शिवाय मॅग्नेशियम क्लोराइड सहसा सहा रेणू पाणी धरून बसतं, आणि तशा स्फटिकात क्लोराइड पस्तीस टक्क्यांच्याही आत असतं. तेव्हा ते टक्केवारी वाढवण्याऐवजी पाडेलच.

पुढे काही बोलण्याआधी एवढं सांगा: सिल्व्हर नायट्रेट किती घातलं, गाळण्याआधी साका किती वेळ आणि कुठे होता, कशाने धुतला, ओव्हनचं तापमान किती आणि किती वेळ. आणि तिन्ही एकाच पद्धतीने केले का, तेही.

मृण्मयी_क | सोमवार, रात्री ११:२०

काका, तिन्ही सारखे नाही झाले. सगळं लिहिते.

पहिल्या दोनांत मीठ १५० मिली डिस्टिल्ड पाण्यात विरघळवलं, अर्धा मिली तीव्र नायट्रिक ॲसिड घातलं, मग ०.१ मोलर सिल्व्हर नायट्रेट प्रत्येकी ६० मिली. कमी पडायला नको म्हणून जास्त घेतलं. उकळीच्या जवळ नेऊन ढवळलं. आधी सगळं दुधाळ होतं, मग एका क्षणी गुठळ्या धरून खाली बसलं आणि वरचं पाणी स्वच्छ झालं. संध्याकाळ झाली होती म्हणून बीकर ओट्यावर खिडकीजवळ ठेवले. गाळायला दुसऱ्या दिवशीची दुपार उजाडली. तोवर साक्याचा वरचा थर फिका जांभळा झाला होता, खालचा पांढराच. जी-४ च्या काचेच्या क्रुसिबलमधून गाळलं, पातळ नायट्रिकने तीनदा धुतलं, ११० अंशांना पाऊण तास वाळवलं.

तिसऱ्याला सिल्व्हर नायट्रेट कमी उरलं होतं म्हणून ४५ मिलीच घातलं. तो बीकर कपाटात ठेवला आणि त्याच दिवशी गाळला, रंग पांढराच राहिला. धुण्याचं ॲसिड संपलं होतं म्हणून साध्या डिस्टिल्ड पाण्याने बरंच धुतलं. धुताना खालचं पाणी पांढुरकं झालं होतं. ओव्हनमध्ये १३० अंशांना जवळजवळ तीन तास होता.

निळा_लिटमस | मंगळवार, सकाळी ७:०५

म्हणजे जांभळे पडले ते जास्त आले आणि पांढरा राहिला तो कमी आला? हे तर माझ्या म्हणण्याच्या बरोबर उलट झालं. पण क्लोरीन उडतो हे खरं आहे ना?

धातुशोधक | मंगळवार, सकाळी ८:३०

खरं आहे. पण तो कुठून उडतो यावर सगळं ठरतं. साका गाळून, धुऊन, क्रुसिबलमध्ये कोरडा असताना जांभळा पडला तर क्लोरीन हवेत जातो आणि वजन घटतं. तिथे तुमचं म्हणणं बरोबर. तिथे एक मिलिग्रॅम घटायला साधारण चार मिलिग्रॅम साका फुटावा लागतो, म्हणून ही घट बहुधा नगण्य राहते.

बीकरमध्ये, जादा सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात साका बुडलेला असेल, तर गोष्ट वेगळी. सुटलेला क्लोरीन पाण्यात विरघळतो, त्याचा काही भाग पुन्हा क्लोराइड होतो, आणि ते क्लोराइड समोर उभ्या असलेल्या चांदीला पकडून नवा साका बनवतं:

```
2 AgCl → 2 Ag + Cl2
3 Cl2 + 5 Ag+ + 3 H2O → 5 AgCl + ClO3- + 6 H+
```

हिशेब असा. सहा रेणू साका फुटला तर सहा अणू चांदी तिथेच, साक्याला चिकटून राहते. गेलेल्या सहा क्लोरीन अणूंपैकी पाच परत येतात, आणि तेही प्रत्येकी एक नवा चांदीचा अणू बरोबर घेऊन. द्रावणातली, मिठाशी संबंध नसलेली चांदी तुमच्या क्रुसिबलमध्ये शिरते आणि वजन वाढतं. इथे एक मिलिग्रॅम वाढायला पावणेदोन मिलिग्रॅमच्या आसपास साका फुटला तरी पुरतो. म्हणजे द्रावणातला उजेड क्रुसिबलमधल्या उजेडाच्या दुपटीहून जास्त घातक आहे, आणि उलट्या दिशेने.

पण मृण्मयी, तुमचे सगळे सात मिलिग्रॅम उजेडामुळे आले असं मला वाटत नाही. त्यासाठी साधारण साडेबारा मिलिग्रॅम साका फुटायला हवा, म्हणजे एकूण साक्याच्या दोन टक्के. वरचा थर फिका जांभळा आणि खालचा पांढरा, एवढ्यात दोन टक्के बसत नाहीत. मला दुसऱ्या दोन गोष्टींची जास्त शंका आहे. एक म्हणजे ओलावा. ११० अंशांना पाऊण तास कमी पडतो, या साक्याला १३० ते १५० च्या दरम्यान किमान तासभर लागतो. आणि दुसरी, न धुतलेलं सिल्व्हर नायट्रेट. ०.२४१२ ग्रॅम मिठाला ४१.३ मिली पुरे होतं, तुम्ही ६० घातलं. जवळजवळ ३१८ मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट फुकट द्रावणात राहिलं. एकूण द्रावण २१० मिली धरलं तर प्रत्येक मिलीत दीड मिलिग्रॅम. क्रुसिबलमधल्या दहीवजा गठ्ठ्यात दोन मिली द्रावण अडकून राहिलं तरी तीन मिलिग्रॅमचा बोजा झाला.

सुदैवाने तिन्ही क्रुसिबल अजून हातात आहेत. तीन शंका वेगवेगळ्या करता येतील. आधी पहिले दोन १४० अंशांना एक तास ठेवा, डेसिकेटरमध्ये थंड करून तोला, पुन्हा ठेवा, पुन्हा तोला. दोन वजनांत ०.२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फरक राहिला नाही की थांबा. जेवढं घटलं तेवढा ओलावा. मग तोच साका पातळ नायट्रिकने धुवा, खालचं पाणी टेस्टट्यूबमध्ये घेऊन त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाका. गढूळ झालं तर चांदी अजून निघते आहे. थेंब टाकल्यावर काहीच होईनासं होईपर्यंत धुवा, वाळवा, तोला. त्यानंतरही जे जास्त उरेल ते उजेडाच्या खात्यात.

अर्धमात्रा | मंगळवार, सकाळी १०:१५

शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. वाळून घट्ट झालेल्या गठ्ठ्याच्या आत जे नायट्रेट बंदिस्त झालं ते बाहेरून धुतल्याने निघणार नाही. साका कसा तयार झाला यावर ते अवलंबून असतं. ६० मिली भसकन ओतलं असेल तर बारीक कणांच्या पोटातच द्रावण अडकतं. त्यामुळे उरेल ते सगळं उजेडाचं, हा निष्कर्ष घाईचा आहे.

समीप_गुरुजी | मंगळवार, दुपारी १:४०

आमच्याकडे काचेची जाळी असलेले क्रुसिबल नाहीत. मुलं राखविरहित गाळणकागदातून गाळतात आणि कागदासकट पोर्सेलिनच्या क्रुसिबलमध्ये जाळतात. आमचं उत्तर दर वेळी कमी येतं, एक टक्क्याहूनही जास्त. साका शेवटी करडा दिसतो. हेही उजेडामुळेच का?

धातुशोधक | मंगळवार, दुपारी २:२५

गुरुजी, तुमचा करडा रंग उजेडाचा नाही, कागदाचा आहे. जळताना कागदाचा कोळसा सिल्व्हर क्लोराइडमधलं क्लोरीन काढून नेतो आणि मागे नुसती चांदी ठेवतो, म्हणून वजन कमी. शिवाय साका ४५५ अंशांना वितळतो, जाळ जास्त झाला तर तो क्रुसिबलच्या तळाला चिकटतो.

कागदच वापरायचा असेल तर वाळल्यावर जेवढा साका सुटेल तेवढा चकचकीत कागदावर काढून झाकून ठेवा, आणि उरलेला कागद एकटा मंद आचेवर जाळा. राखेवर आधी दोन थेंब नायट्रिक ॲसिड टाकून गरम करा, म्हणजे चांदी विरघळेल, मग दोन थेंब हायड्रोक्लोरिक टाका, म्हणजे ती पुन्हा क्लोराइड होईल. हलकेच वाळवा, बाजूला काढलेला साका त्यात मिसळा आणि तोला. पण मी तर म्हणेन, एखादा तरी काचेचा जाळीवाला क्रुसिबल मिळवा. हा साका जाळायची गरजच नसते, वाळवला की झालं.

मृण्मयी_क | मंगळवार, दुपारी ३:५०

अर्धमात्रा, ६० मिली भसकन ओतलं नव्हतं, पण थेंब थेंबही नव्हतं. ब्युरेट मोकळी सोडून ढवळत राहिले.

काका, तिसऱ्याचं काय? तो पांढरा होता, नीट वाळला होता, नायट्रेटही जास्त नव्हतं. मग कमी का?

धातुशोधक | मंगळवार, संध्याकाळी ६:१०

तिसऱ्याचं उत्तर तुम्हीच लिहिलं आहे: धुताना खालचं पाणी पांढुरकं झालं. ते पांढुरकं म्हणजे तुमचा साका.

द्रावणात सिल्व्हर नायट्रेट जास्त असतं तेव्हा साक्याचा प्रत्येक कण आपल्या पृष्ठभागावर चांदीचे आयन धरून ठेवतो. सगळ्या कणांवर एकच धन भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना ढकलतात. तुम्हाला आधी दिसलेला दुधाळपणा तो हाच. गरम करून ढवळल्यावर आणि द्रावणात पुरेसं ॲसिड असल्यावर त्या भाराभोवती नायट्रेट दाटीने जमतात, ढकलाढकली थांबते, कण एकत्र येतात. त्याच क्षणी तुम्हाला गुठळ्या दिसल्या आणि वरचं पाणी निवळलं. आता यावर शुद्ध पाणी ओतलं की ती नायट्रेटची दाटी धुऊन जाते, पृष्ठभागावरची चांदी मात्र तिथेच राहते. कण पुन्हा एकमेकांना ढकलतात, गुठळी सुटते आणि साका जाळीतून खाली उतरतो. गंमत अशी की पहिलं धुणं बरेचदा स्वच्छ येतं, कारण जुनं ॲसिड अजून असतं. गढूळपणा दुसऱ्या-तिसऱ्या धुण्याला सुरू होतो आणि जितकं जास्त धुवाल तितका वाढतो.

म्हणून धुण्याच्या पाण्यात नायट्रिक ॲसिड हवंच, २०० मिलीला अर्धा मिली तीव्र ॲसिड पुरे. दुसरं कुठलं क्षार घातलं तरी गुठळी टिकेल, पण ते साक्यात वाळून राहील. नायट्रिक ओव्हनमध्ये उडून जातं, मागे काही ठेवत नाही.

ते पांढुरकं पाणी टाकून दिलं का?

मृण्मयी_क | मंगळवार, संध्याकाळी ६:२५

नाही! फ्लास्कमध्ये तसंच कपाटात आहे, अंधारात.

धातुशोधक | मंगळवार, संध्याकाळी ६:४०

मग साका परत मिळेल. त्यात मिलीभर तीव्र नायट्रिक घाला, उकळीच्या जवळ नेऊन ढवळा. गुठळ्या धरल्या की पूर्ण थंड होऊ द्या, मगच त्याच क्रुसिबलमधून गाळा. थंड होण्याची वाट नक्की बघा. २५ अंशांना लिटरभर पाण्यात साधारण दोन मिलिग्रॅम साका विरघळतो, उकळत्या पाण्यात वीसहून जास्त. गरम गाळलं तर एका हाताने मिळवाल आणि दुसऱ्या हाताने घालवाल. शेवटी ॲसिडच्या पाण्याने धुवा.

निळा_लिटमस | मंगळवार, रात्री ८:००

विरघळण्याचा विषय निघाला म्हणून विचारतो. सिल्व्हर नायट्रेट जास्त असलं की साका कमी विरघळतो ना? मग ६० मिली घालणं एका परीने चांगलंच नाही का?

अर्धमात्रा | मंगळवार, रात्री ८:३५

कमी विरघळतो हे बरोबर, पण त्यासाठी थोडंसं जास्त पुरतं. पाच-दहा टक्के जादा घातलं की विरघळलेला साका तराजूला दिसणार नाही इतका कमी होतो. त्यापुढे प्रत्येक जादा मिली फक्त धुण्याचं ओझं वाढवतो.

आणि किती पुरलं हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. ढवळणं थांबवा, साका बसू द्या, बीकरच्या काचेवरून दोन थेंब सिल्व्हर नायट्रेट सोडा आणि थेंब स्वच्छ पाण्यात शिरतो तिथे डोळा लावून बघा. पांढरी रेघ उठली तर अजून हवं. रेघ उठली नाही तर पुरे झालं.

मृण्मयी_क | गुरुवार, रात्री ९:४५

आकडे आले.

पहिला: १४० अंशांना तासभर ठेवल्यावर ०.५९८९ चं ०.५९५८ झालं, परत ठेवल्यावर ०.५९५७. म्हणजे ३.२ मिलिग्रॅम पाणीच होतं. मग ॲसिडने धुतलं. पहिल्या धुण्यात हायड्रोक्लोरिकचा थेंब टाकताच टेस्टट्यूब धुरकट झाली, पुढे हळूहळू स्वच्छ होत गेली. वाळवून ०.५९३२. म्हणजे २.५ मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट निघालं. आता ६०.८३ टक्के.

दुसरा: ०.६२१३ वरून ०.६१८८, धुतल्यावर ०.६१६२. आता ६०.८० टक्के.

तिसरा: आधी नुसता पुन्हा वाळवून बघितला, ०.५८०२ आला, म्हणजे ओलावा नव्हताच. मग पांढुरकं पाणी सांगितलं तसं गाळलं. ०.५८४२ झालं! चार मिलिग्रॅम परत आले. ६०.५९ टक्के.

तिसऱ्यात अजून ०.७ कमी आहे, पहिल्यात १.७ आणि दुसऱ्यात १.४ जास्त आहे.

धातुशोधक | गुरुवार, रात्री १०:३०

सुरेख काम केलंत. तिसऱ्यातले ०.७ शोधत बसू नका. दोनशे मिलीच्या आसपास पाण्याने धुतलं असेल तर ०.४ तिथेच विरघळले, उरलेलं तराजू आणि दोनदा गाळणं यांत जातं.

पहिल्या दोनांतलं जे उरलं आहे ते मी उजेडाच्या खात्यावर टाकतो. १.७ मिलिग्रॅम वाढायला २.९ मिलिग्रॅम साका फुटलेला पुरतो, म्हणजे अर्धा टक्का. वरचा थर जांभळा आणि खालचा पांढरा, याच्याशी हे जुळतं.

अर्धमात्रा | गुरुवार, रात्री ११:०५

जुळतं, पण सिद्ध होत नाही. दीड मिलिग्रॅम नायट्रेट कणांच्या पोटात अडकलं असेल तरी हेच आकडे येतील. तिसऱ्यात नायट्रेटही कमी होतं आणि उजेडही नव्हता, त्यामुळे तिसऱ्याकडे बघून दोनांपैकी कोण दोषी ते ठरत नाही. दोन बीकर एकाच दिवशी करा: तेवढंच मीठ, तेवढंच दहा टक्के जादा नायट्रेट, तेवढाच वेळ. एक कपाटात ठेवा, एक खिडकीत.

समीप_गुरुजी | शुक्रवार, सकाळी ७:५०

हा वाद आमच्या मुलांनाही वाचायला देतोय. या साक्याने मोठ्यामोठ्यांचा कस लावला आहे. थिओडोर रिचर्ड्स यांनी अणुभार ठरवताना हाच सिल्व्हर क्लोराइड तोलला, आणि गाळलेल्या पाण्यात विरघळून राहिलेला साका मोजायला नेफेलोमीटर वापरला. त्या अणुभारांसाठी त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं. आमच्याकडे तेवढी सोय नाही, पण कागद वेगळा जाळून राखेवर नायट्रिकचे थेंब टाकून बघितले. करडेपणा गेला.

टायट्रेशनवाला | शुक्रवार, सकाळी ९:१५

एक शंका. माझ्या नमुन्यांत कधी ब्रोमाइड असतं. तुमच्या पद्धतीत ते वेगळं कळतं का?

अर्धमात्रा | शुक्रवार, सकाळी ९:४०

नाही. ब्रोमाइड, आयोडाइड, थायोसायनेट, सगळे चांदीला धरून त्याच साक्यात येतात, आणि तोललेलं सगळं तुम्ही क्लोराइड समजून बसता. तुमच्या क्रोमेटच्या पद्धतीतही हीच अडचण आहे. कार्बोनेट आणि फॉस्फेट मात्र इथे ॲसिडमुळे साका धरत नाहीत. ॲसिड घालण्याचं तेही एक कारण.

मृण्मयी_क | रविवार, रात्री ८:२०

दोन बीकर केले. दोन्हींत ब्युरेटमधून सावकाश, ढवळत, आणि काचेवरून थेंब सोडून बघितला. दोन्ही ४६ मिलीवर थांबवले. पहिला काळ्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवला, दुसरा खिडकीत, सकाळपासून दुपारपर्यंत. दोन्ही एकाच वेळी गाळले, शेवटच्या धुण्यात काही येईनासं होईपर्यंत ॲसिडने धुतले, १४० ला वजन स्थिर होईपर्यंत वाळवले.

कपाटातला: मीठ ०.२४६३, साका ०.६०३७, म्हणजे ६०.६३ टक्के.
खिडकीतला: मीठ ०.२४४०, साका ०.५९९३, म्हणजे ६०.७५ टक्के. याचा वरचा थर जांभळा होता.

खिडकीतल्यात ०.९ मिलिग्रॅम जास्त, कपाटातल्यात ०.३ कमी.

निळा_लिटमस | रविवार, रात्री ८:४५

म्हणजे द्रावणातला उजेड वजन वाढवतो हे आता डोळ्यांनी दिसलं.

अर्धमात्रा | रविवार, रात्री ९:३०

वाढवतो, हे मान्य. पण या खेपेला ०.९ आणि त्या खेपेला १.४ ते १.७. मधला फरक त्या दिवशीच्या उन्हाचा की ६० मिली नायट्रेटचा, हे अजून मोकळंच आहे. ६० मिली घालून एक बीकर पूर्ण अंधारात केला तर कळेल. तो ६०.६६ च्या आसपास आला तर धातुशोधक बरोबर, ६०.७ च्या वर राहिला तर माझी शंका बरोबर.

मृण्मयी_क | रविवार, रात्री ९:५०

करायला आवडेल, पण सिल्व्हर नायट्रेट आता जेमतेम सत्तर मिली उरलंय. एकच बीकर होईल. आणि आधी क्रुसिबल रिकामे करायला हवेत. अमोनियात साका विरघळतो ना?

धातुशोधक | रविवार, रात्री १०:१०

विरघळतो, पण जांभळ्या थरातली चांदी अमोनियाला दाद देणार नाही. जाळीवर काळपट डाग राहिला तर आधी पाण्याने सगळा अमोनिया धुऊन काढा आणि मग कोमट नायट्रिकने तो डाग काढा. अमोनियाचं द्रावण त्याच दिवशी नायट्रिकने आम्ल करून टाका, बाटलीत भरून अजिबात ठेवू नका. अमोनिया आणि चांदीचं द्रावण साठवलं की त्यातून स्फोटक पदार्थ तयार होतो, नुसत्या हलण्यानेही उडणारा. आम्ल केल्यावर साका पुन्हा खाली बसेल, तो चांदीचा कचरा साठवायच्या डब्यात जमा करा.

साठ मिलीवाला बीकर कराल तेव्हा एक बघा: कपाटाचं दार उघडून आत डोकावू नका, आणि गाळतानाही खोलीतला उजेड मंद ठेवा. नाहीतर अर्धमात्रा पुन्हा म्हणतील की सिद्ध झालं नाही, आणि त्यांचं बरोबर असेल.

अर्धमात्रा | रविवार, रात्री १०:१८

अगदी हेच म्हणेन. शेवटच्या धुण्याची टेस्टट्यूब काळ्या कागदासमोर धरून बघा, साध्या उजेडात हलका गढूळपणा नजरेतून सुटतो.